मेकॉले त्या दिवशी कुठे होता?

सप्रेम आशीर्वाद.

वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेलं तुझं भाषण वाचलं. मांडणी चांगली आहे, पण मधला मेकॉलेचा उतारा काढून टाक. ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडल्याशिवाय तो आपल्याला जिंकता येणार नाही’ हा तो उतारा. खाली तू ‘ब्रिटिश पार्लमेंट, २ फेब्रुवारी १८३५’ असं लिहिलं आहेस. कुठून घेतलास हे विचारत नाही. तो घराघरांतल्या फोनवर फिरतो आणि काही छापील पुस्तकांतही आहे.

असा उतारा हाती आला की आधी शब्दांच्या मागे लागू नकोस. तारीख आणि जागा तपास. ते काम सोपं असतं आणि बरेचदा तिथेच निकाल लागतो. मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा कायदा सदस्य म्हणून तो इथे आला होता आणि १८३८ पर्यंत इथेच राहिला. म्हणजे त्या दिवशी तो लंडनमध्ये नव्हता, कलकत्त्यात होता. ही नेमणूक घेताना त्याने खासदारकीही सोडली होती. आता पार्लमेंटचं बघ. तिथल्या भाषणांच्या वृत्तान्ताला हॅन्सर्ड म्हणतात. १८०३ पासूनचे जुने खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात, तारखेनुसार लावलेले. १८३५ साल उघड. डिसेंबर १८३४ मध्ये पार्लमेंट बरखास्त झालं होतं आणि नवं भरलं १९ फेब्रुवारीला. २ तारखेला सभागृहच नव्हतं, तर भाषण कोण करणार?

मग तारीख आली कुठून? हा प्रश्न सोडू नकोस, कारण बनावट अवतरणाला पुष्कळदा दुसऱ्याच एखाद्या खऱ्या कागदाची तारीख चिकटलेली असते. इथे तसंच झालंय. मेकॉलेचं शिक्षणविषयक टिपण २ फेब्रुवारी १८३५ चंच आहे. एच. शार्प यांनी १९२० मध्ये कलकत्त्याहून सरकारी शैक्षणिक कागदपत्रांचा निवडक संग्रह प्रसिद्ध केला, त्याच्या पहिल्या भागात ते पूर्ण छापलंय. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाच. भिकारी, चोर, कणा यांतलं त्यात काहीही नाही.

शब्दांचा शोध त्यानंतर. मराठी अनुवाद शोधून उपयोग नाही, कारण प्रत्येकाचा अनुवाद वेगळा. इंग्रजी उताऱ्यातले चार-पाच शब्द सलग घे, अवतरणचिन्हांत टाक आणि गुगल बुक्सवर एकोणिसाव्या शतकापुरता शोध लाव:

```
"backbone of this nation" Macaulay
```

इथे एक फसगत होते, ती लक्षात ठेव. गुगल बुक्सवर मासिकांच्या अंकांना कधी कधी मासिक सुरू झाल्याचं साल लागलेलं असतं. ‘१८९०’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. पान उघडून अंकावरची तारीख डोळ्यांनी बघ. पानच दिसत नसेल तर तो पुरावा धरू नकोस. आणि पुस्तकात तळटीप आहे म्हणूनही थांबू नकोस. या उताऱ्याखाली बहुतेक ठिकाणी फक्त ‘ब्रिटिश पार्लमेंट’ असतं. खंड नाही, पान नाही. अशी दहा पुस्तकं सापडली तरी ती एकमेकांवरूनच उतरवलेली असू शकतात, तेव्हा त्यांना दहा साक्षीदार समजू नये.

तू म्हणशील, शब्द त्याचे नसले तरी वृत्ती तीच होती ना? नाही, आणि म्हणूनच मी इतकं लांबण लावलंय. खोट्या उताऱ्यातला मेकॉले आपल्या संस्कृतीचं मोठेपण ओळखतो आणि म्हणून ती मोडायला निघतो. खऱ्या टिपणातला मेकॉले मला संस्कृत किंवा अरबी येत नाही असं स्वतः सांगतो, आणि तरी त्या भाषांतलं ज्ञान कुचकामी ठरवतो. त्याला आपल्याकडे मोठेपण दिसलंच नव्हतं. खोटा उतारा वापरलास तर तो जे बोललाच नाही त्याला तू उत्तर देशील, आणि जे बोलला ते तसंच सुटेल.

खरं वाक्यही जपून घे. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयातली पुस्तकांची एक फळी भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची, हे टिपणात आहे. पण पौर्वात्य विद्येच्या अभ्यासकांतही हे नाकारू शकेल असा एकही जण मला भेटला नाही, अशा रूपात ते येतं. हा भाग गाळून वाक्य सर्रास दिलं जातं. तू तो ठेव, कारण भाषणात तुला खोडून काढायचा आहे तो नेमका हाच दावा. आणि खाली लिही: मेकॉलेचं टिपण, २ फेब्रुवारी १८३५, शार्प यांचा संग्रह, भाग १, आणि तू स्वतः उघडलेल्या प्रतीतला पान क्रमांक.

दुरुस्त केलेला मजकूर रविवारपर्यंत पाठव.