‘उलटा फुगवटा’ की ‘पालटाचा फुगवटा’?

प्रश्न : शेअरच्या भावाचा कल पालटण्याची शक्यता दाखवणाऱ्या मास इंडेक्स या आकड्यातल्या ‘रिव्हर्सल बल्ज’ला मराठीत ‘उलटा फुगवटा’ म्हटलं तर चालेल का? आणि तेजीचा फुगवटा, मंदीचा फुगवटा असा भेद करतात का?

‘फुगवटा’ छान आहे, ‘उलटा’ नको. त्याने फुगवटाच पालथा पडलाय असं वाटतं. इथे आलेखावरची रेघ सरळ वर फुगते आणि मग खाली येते. पालटण्याची शक्यता असते ती भावाच्या कलाची. म्हणून मी ‘पालटाचा फुगवटा’ म्हणेन. ‘मास इंडेक्स’ मात्र आहे तसाच ठेवा. ‘वस्तुमान निर्देशांक’ वाचून कुणालाही भौतिकशास्त्र आठवेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते कळायला हा आकडा कशापासून बनतो ते पाहावं लागतं. डोनाल्ड डॉर्सी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मांडला. रोजच्या उच्चांकातून नीचांक वजा करायचा, म्हणजे दिवसाचा पल्ला मिळतो. पल्ल्याची ९ दिवसांची एक्स्पोनेन्शियल, म्हणजे अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देणारी, सरासरी काढायची, त्या सरासरीची पुन्हा तशीच सरासरी काढायची, आणि पहिलीला दुसरीने भागायचं. अशा शेवटच्या २५ दिवसांच्या भागाकारांची बेरीज म्हणजे मास इंडेक्स. ती २७ च्या वर जाऊन नंतर २६.५ च्या खाली उतरली की फुगवटा पूर्ण झाला.

भाव दिवसभरात ८० रुपये चढला काय किंवा पडला काय, पल्ला ८० च. दिशा पहिल्याच वजाबाकीत गळून पडते, मग पुढे ती येणार कुठून? त्यामुळे ‘मंदीचा फुगवटा’ हा शब्दप्रयोग चुकीचाच. दिशा बाहेरून आणावी लागते. त्यासाठी बंद भावाची ९ दिवसांची एक्स्पोनेन्शियल सरासरी बघतात. फुगवटा पूर्ण होताना ती चढती असेल तर विक्रीचा इशारा घ्यायचा, उतरती असेल तर खरेदीचा. तेव्हा ‘चढत्या कलातला फुगवटा’ म्हणा, ते बरोबर आहे. विशेषण कलाला लागलं, फुगवट्याला नाही.

‘फुगवटा’ शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पल्ला मोठा म्हणजे आकडा मोठा. तसं नाही. पल्ला वाढत असेल तर आकडा मोठा. एखाद्या शेअरचा पल्ला महिनोन्महिने रोज ४० रुपये आहे असं धरा. दोन्ही सरासऱ्या ४०, भागाकार १, बेरीज २५. पल्ला कायम ४०० असता तरी २५ च आली असती. आता एका दिवसापासून पल्ला ८० होतो आणि तिथेच राहतो. पहिली सरासरी लगेच वर सरकते, दुसरी मागे रेंगाळते, त्यामुळे भागाकार तिसऱ्या दिवशी १.२६ पर्यंत जातो आणि मग दुसरी सरासरी पहिलीला गाठू लागते तसा उतरतो. बेरीज दहाव्या दिवशी २७ ओलांडते आणि पंचविसाव्या दिवशी साधारण २७.६७ वर पोचते.

गंमत पुढे आहे. सव्विसाव्या दिवसापासून सुरुवातीचे मोठे भागाकार बेरजेतून एकेक करून बाहेर पडतात आणि एकतिसाव्या दिवशी बेरीज २६.३३ वर येते. फुगवटा पूर्ण! आणि पल्ला? तो अजून ८० च आहे, एक रुपयानेही आक्रसलेला नाही. म्हणून ‘फुगवटा ओसरला, बाजार शांत झाला’ असं लिहिणं मला खटकतं. ओसरते ती पल्ल्याची वाढ. बाजार तितकाच उसळता असू शकतो. आणि कल पालटलाच, असंही यातून सिद्ध होत नाही. पल्ला एखाद्या बातमीने किंवा निकालांमुळे रुंदावला असेल तर भाव आधीच्याच वाटेने पुढे जाऊ शकतो.

लिहिताना क्रियापदही जपून वापरावं. २७ ओलांडल्यावर ‘फुगवटा आला’ म्हणा, २६.५ तुटल्यावर ‘फुगवटा पूर्ण झाला’. वरच्या उदाहरणात या दोन वाक्यांत २१ दिवसांचं अंतर आहे, आणि इशारा दुसऱ्या वाक्याचा असतो. २६.८ पर्यंत जाऊन परतलेल्या रेघेला तर या अर्थाने फुगवटाच म्हणता येत नाही, मग ती नजरेला कितीही फुगीर दिसो.

आपल्याकडच्या वाचकांसाठी लिहीत असाल तर ‘पल्ला’ म्हणजे फक्त त्या दिवसाचा उच्चांक उणे नीचांक, हे एकदा स्पष्ट करा. आदल्या दिवशीच्या बंद भावापासून गॅप पडून बाजार उघडला तर ती उडी यात धरली जात नाही. अपर सर्किटला एकाच भावावर अडकलेल्या शेअरचा तर त्या दिवसाचा पल्ला शून्य. भाव रोज ५ टक्क्यांनी उसळत असतो आणि मास इंडेक्स मात्र खाली येत असतो.