आलेखावरील आकड्यांत लाख-कोटींचे स्वल्पविराम आणि दशांश स्थळे

प्रश्न: आमच्या म्हापशाच्या सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी विक्रीचा स्तंभालेख केला आहे. लेबलांवर 10384200.00 असे आकडे येतात. ‘हजार विभाजक’ निवडला तर माझ्या संगणकावर 1,03,84,200 दिसते, पण अध्यक्षांच्या लॅपटॉपवर 10,384,200 होते. दोन्हीकडे सारखे कसे दिसेल?

उत्तर:

नमस्कार. दोष आपल्या फाइलचा नाही. `#,##0` या साच्यातील स्वल्पविराम एक्सेलला केवळ ‘गट पाडा’ एवढेच सांगतो. गट तीन-तीनचे पाडायचे की तीन आणि मग दोन-दोनचे, हे त्या त्या संगणकाच्या विंडोजमधील Region या सेटिंगवरून ठरते. आपला संगणक भारतीय पद्धतीवर असावा आणि अध्यक्षांचा अमेरिकी. त्यांचे सेटिंग बदलूनही काम होईल, परंतु सभागृहातील प्रोजेक्टरला जोडलेला तिसराच संगणक निघाला तर पुन्हा तेच होईल. म्हणून स्वल्पविराम साच्यातच पक्के बसवावेत, असे माझे मत आहे.

त्यासाठी लेबलावर एकदाच क्लिक करावे, म्हणजे त्या मालिकेची सर्व लेबले निवडली जातात. दुसऱ्यांदा क्लिक केल्यास एकच लेबल निवडले जाते आणि मग ‘एकाच स्तंभाचा आकडा बदलला’ अशी तक्रार येते. नंतर Ctrl+1 दाबून उघडलेल्या Format Data Labels मध्ये Label Options खालील Number हा भाग उघडावा, Format Code च्या चौकटीत पुढील ओळ लिहावी आणि Add दाबावे:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

Add दाबायचे राहिले तर लिहिलेला साचा लागू होत नाही. तो लागू झाला की Linked to source समोरची खूण निघून जाते. ती खूण पुन्हा केल्यास लेबल परत मूळ सेलचा साचा घेते. आलेखात एकापेक्षा अधिक मालिका असतील, तर हे प्रत्येक मालिकेसाठी स्वतंत्रपणे करावे लागते.

येथे उलट्या तिरप्या रेषेनंतरचा स्वल्पविराम हा केवळ छापायचे चिन्ह ठरतो, त्यामुळे विंडोजचे सेटिंग त्याला हात लावत नाही. एक कोटी किंवा अधिक रकमेला पहिला भाग लागतो, एक लाख ते कोटीच्या आतील रकमेला दुसरा आणि उरलेल्या सर्वांना तिसरा. पैसेही दाखवायचे असतील तर तिन्ही भागांच्या शेवटी `.00` जोडावे. `.##` मात्र टाळावे, कारण पूर्ण रकमेपुढे नुसताच टिंब लोंबत राहतो.

तथापि सभेतील मागच्या रांगेला आठ अंकी आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मी लेबले लाखांत दाखवीन. साच्याच्या शेवटी दिलेला स्वल्पविराम संख्येला हजाराने भागतो. लाखाने भागणारी सोय साच्यात नाही. तरी पुढील युक्ती चालते:

```
0\.00," लाख"
```

नारळ 8,45,300, सुपारी 12,67,450 आणि काजू 1,03,84,200 अशी विक्री धरू. सुपारीची रक्कम हजाराने भागून 1267 उरते आणि शेवटच्या दोन अंकांआधी छापील टिंब येऊन 12.67 लाख दिसते. त्याचप्रमाणे नारळ 8.45 आणि काजू 103.84 होतात. येथील टिंब खरे दशांशचिन्ह नसल्यामुळे अधिक स्थळे हवी म्हणून नुसती शून्ये वाढवू नयेत: `0\.000,` लिहिल्यास तोच आकडा 1.267 असा दिसेल आणि पुढे ‘लाख’ छापलेले असल्यामुळे चूक पटकन ध्यानातही येणार नाही.

या लेबलांची बेरीज 124.96 होते, पण खरी एकूण रक्कम 1,24,96,950 असल्यामुळे एकूणाच्या स्तंभावर 124.97 लाख येईल. सभेत एखादा सभासद कॅल्क्युलेटर काढतोच. साचा केवळ दिसणे बदलतो, सेलमधील मूल्य बदलत नाही, म्हणून हा फरक पूर्णांकनाचा आहे. आलेखाखाली ‘आकडे जवळच्या हजार रुपयांपर्यंत’ अशी टीप द्यावी. बेरीज जुळवण्यासाठी मूळ रकमांना ROUND लावणे मला योग्य वाटत नाही.

तोटा दाखवायचा असेल तर पहिला साचा अपुरा पडतो. एका साच्यात दोनच अटी देता येतात आणि ऋण संख्या तिसऱ्या भागात पडते, त्यामुळे अमेरिकी सेटिंगवर ती -1,267,450 अशीच दिसते. अशा वेळी रक्कम B2 मध्ये असल्यास शेजारच्या स्तंभात पुढील सूत्र लिहावे आणि ते खालपर्यंत ओढावे:

```
=IF(B2<0,"-","")&TEXT(ABS(B2),"[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0")
```

मग Label Options मध्ये Value From Cells निवडून तो स्तंभ द्यावा आणि Value समोरची खूण काढावी. ही सोय एक्सेल 2013 पासून आहे. हे लेबल मजकूर असल्यामुळे त्यावर Number मधील साचा चालत नाही. पुढे दशांश बदलायचे झाल्यास ते सूत्रातच बदलावे लागतील.