लाखात एक म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: डीएनए योगायोगाने जुळण्याची शक्यता लाखात एक असेल, तर आरोपी निर्दोष असण्याची शक्यताही लाखात एकच ना?

नाही, आणि इथेच घात होतो. गुन्ह्याशी संबंध नसलेला कुणीही माणूस घेतला तर त्याचा प्रोफाइल, म्हणजे डीएनएवरच्या ठरावीक जागांची नोंद, जुळण्याची शक्यता किती, एवढंच तो आकडा सांगतो.

समजा, निपाणीत फोडलेल्या दुकानाच्या कुलपावर पुसट नमुना मिळाला. डीएनएवरच्या तपासलेल्या वीसेक जागांपैकी चार-पाचच वाचता आल्या, म्हणून आकडा लाखात एकवर अडला. पूर्ण प्रोफाइलचा आकडा अब्जांच्याही पुढे जातो. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात सुमारे ४८ लाख लोक होते. म्हणजे निव्वळ योगायोगाने त्यांतले ४८ जण जुळतील. दुसरा पुरावाच नसेल, तर खरा चोर धरून जुळणारे ४९ जण आणि पकडलेला माणूस त्यांतला एक, म्हणजे दोषी असण्याची शक्यता जेमतेम २ टक्के! शिवाय चोर सीमेपलीकडून, कागलहून आला असेल तर?

पण कॅमेऱ्यामुळे संशयित दहांवर आले आणि त्यांतला एकच जुळला, तर तोच आकडा फार वजनदार ठरतो. फक्त त्या दहांत सख्खे भाऊ आहेत का ते आधी बघा. भावाभावांत प्रत्येक जागा जुळण्याची शक्यता चारात एकहून जास्तच असते.