पीपीओत आईची जन्मतारीख चुकली, 80 नंतरची वाढ अडकली: अर्ज कुणाला आणि कसा?

प्रश्न: वकीलसाहेब नमस्कार, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यातून 1998 ला रिटायर झाले, 2011 ला गेले, तेव्हापासून आईला फॅमिली पेन्शन आहे, बेसिक 14,000. आईचा जन्म 12 जून 1945 चा, शाळेच्या दाखल्यावर तसाच आहे, पण पेन्शनच्या कागदावर 12-06-1954 आलंय. 80 पूर्ण झाल्यावर जी वाढ मिळते ती मिळालीच नाही. बँकवाले म्हणतात आधी आधार ठीक करून आणा, आधारवर 01-01-1945 आहे. पेन्शन ऑफिसला लेटर लिहायचंय, कसं लिहू?

उत्तर: ताई, आधारच्या मागे आत्ता लागू नका. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, हे आधारवाले स्वतःच सांगतात आणि सुप्रीम कोर्टानंही ऑक्टोबर 2024 मध्ये एका अपघात भरपाईच्या केसमध्ये तेच म्हटलंय. 1 जानेवारी तारीख तर आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर असते, कारण नोंदणीच्या वेळी नुसतं साल सांगितलं की मशीन 1 जानेवारी घालतं. आणि समजा तुम्ही आधार दुरुस्त करून आणलंत तरी बँक काही करू शकणार नाही, कारण चूक बँकेची नाही, वरून आलेल्या कागदाची आहे.

म्हणून पहिलं काम, चूक नेमकी कुठे बसलीय ते शोधा. आईकडे दोन कागद असायला हवेत, एक बाबांचा 1998 चा मूळ पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, तो पुस्तकासारखा असतो त्यातला पेन्शनरचा अर्धा भाग, आणि दुसरा सातव्या वेतन आयोगानंतर पेन्शन सुधारली तेव्हा आलेला सुधारित आदेश. बऱ्याच जुन्या पीपीओत बायकोची जन्मतारीख लिहिलेलीच नसते, जागा कोरी असते, आणि नंतर पेन्शन सुधारताना कुणीतरी फाइल बघून कॉम्प्युटरमध्ये भरते, तिथे 45 चे 54 व्हायला वेळ लागत नाही. दोन्ही कागदांवर तारीख बरोबर असेल आणि फक्त बँकेच्या सिस्टीममध्ये चुकीची असेल तर बँकेच्या पेन्शन सेंटरला, ज्याला सीपीपीसी म्हणतात, पीपीओची कॉपी जोडून एक पत्र दिलं की झालं. पण कुठल्याही कागदावर 1954 असेल तर बँकेचे हात खरंच बांधलेले आहेत, त्यांना पीपीओवर जे आहे तेच पाळावं लागतं. 80 ची वाढ मागावी लागत नाही, सिस्टीम आपोआप लावते, फक्त तुमच्या आईला ती आत्ता सत्तरीतली समजतेय.

तुमच्या लिहिण्यावरून मला दुसरी परिस्थिती वाटते, म्हणून त्याप्रमाणे सांगतो. दुरुस्तीचा रस्ता असा आहे: बाबा ज्या ऑफिसातून रिटायर झाले तिथले कार्यालय प्रमुख, त्यांच्याकडून त्या खात्याचं पे अँड अकाउंट्स ऑफिस म्हणजे पीएओ, तिथून दिल्लीचं सेंट्रल पेन्शन अकाउंटिंग ऑफिस, आणि तिथून सुधारित आदेश बँकेच्या सीपीपीसीला. लोक थेट दिल्लीला पत्र पाठवतात आणि ते फिरून परत खालीच येतं, कारण रेकॉर्ड खाली आहे, दिल्लीला स्वतःहून तारीख बदलता येत नाही. म्हणून अर्ज कार्यालय प्रमुखांच्या नावे, आणि कॉपी पीएओ आणि बँकेला. ऑफिस नंतर दुसऱ्यात विलीन झालं असेल तर आता ज्याच्याकडे जुनं रेकॉर्ड आहे त्याच्या नावे.

आता एक अडचण येईल ती आधीच सांगून ठेवतो. खिडकीवरचा बाबू ऐकल्या ऐकल्या म्हणेल की रिटायरमेंटनंतर जन्मतारीख बदलत नाही. त्याचं म्हणणं कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या तारखेबद्दल बरोबर आहे, मूलभूत नियम 56 च्या टिपेप्रमाणे नोकरीला लागल्यापासून 5 वर्षांच्या आतच ती बदलायला मागता येते, आणि हरनाम सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 1993 मध्येच उशिरा जाग आलेल्यांना दार बंद केलंय. कारण साधं आहे, त्या तारखेवर नोकरी किती वर्षं हे ठरतं. पण तुमच्या आईच्या तारखेवर बाबांची नोकरी ठरली नव्हती. इथे नवी तारीख मागत नाही आहोत, रेकॉर्डवरची तारीख उतरवताना झालेली चूक दाखवतोय. अर्जाच्या विषयातच हे स्पष्ट यायला हवं, नाही तर पहिल्याच टेबलावर चुकीच्या खणात जाईल.

आणि रेकॉर्डवर तारीख आहे कुठे? तर बाबांनी रिटायरमेंटच्या वेळी भरलेल्या फॉर्म 3 मध्ये, फॅमिली डिटेल्सचा तो फॉर्म. त्यात बायको, मुलं सगळ्यांच्या जन्मतारखा असतात. ह्यात तुमचा सगळ्यात मजबूत पुरावा लपलेला आहे असं मला वाटतं. समजा तुम्ही सगळ्यात मोठ्या आणि तुमचा जन्म 1967 चा, तर 1954 धरलं तर आई 13 व्या वर्षी बाळंत झाली असा अर्थ निघतो, आणि हे एकाच फाइलीत शेजारी शेजारी लिहिलेलं आहे. असा अंतर्गत विरोध दिसला की ऑफिसलाही चूक मान्य करणं सोपं जातं, कुणावर आरोप न करता. फॉर्म 3 ची प्रमाणित प्रत मागायला आईच्या नावानं माहितीच्या अधिकारात अर्ज करा, फी 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. हा अर्ज आणि दुरुस्तीचा अर्ज एकाच दिवशी द्या, एकासाठी दुसरा थांबवू नका. फॉर्म 3 मध्येच बाबांनी 1954 लिहिलं असेल तर मात्र काम थोडं जड होईल, तेव्हा बाकीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात.

पुराव्यांत पेन्शन खातं मॅट्रिकचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, पॅन कार्ड, सीजीएचएस कार्ड, जन्मतारीख असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स असे कागद धरतं. आईचं मॅट्रिक किंवा अकरावीचं सर्टिफिकेट असेल तर तेच मुख्य, नुसता शाळेचा दाखला असेल तर शाळेत जाऊन दाखल-खारिज रजिस्टरचा प्रमाणित उतारा पण घ्या. पॅनवर काय आहे तेही बघा. आधार जोडायचंच असेल तर फक्त ओळख म्हणून जोडा आणि अर्जात एक ओळ टाका की त्यावर साल तेच आहे, दिवस-महिना अंदाजे आहे. जे दिसणारच आहे ते आपणच सांगितलेलं बरं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांत हमखास अडते. शाळेच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव असणार, कदाचित पाळण्यातलं नावही वेगळं, कारण त्या काळी लग्नात नाव बदलायचेच. मग ऑफिस म्हणतं हा दाखला दुसऱ्याच बाईचा. तेव्हा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं आईचं शपथपत्र, आणि जमलं तर मामा किंवा मावशीचंही, सोबत लग्नपत्रिका असेल तर ती. लोक शपथपत्रावर नुसती जन्मतारीख लिहून नोटरी करतात, त्याला फारशी किंमत नाही, पण नावांचा सांधा जोडायला ते खरंच उपयोगी पडतं.

लेटर एका पानात बसवा. मजकूर असा ठेवा:

प्रति,
कार्यालय प्रमुख, (खात्याचं नाव), इंदूर

विषय: पीपीओ क्र. ___ मधील कौटुंबिक पेन्शनधारकाच्या जन्मतारखेतील लेखनदोष दुरुस्त करणे व अतिरिक्त पेन्शनची थकबाकी देणे

महोदय,
मी आपल्या कार्यालयातून दि. ___ रोजी सेवानिवृत्त झालेल्या कै. ___ यांची पत्नी असून वरील पीपीओवर कौटुंबिक पेन्शन घेत आहे. दि. ___ च्या आदेशात माझी जन्मतारीख 12-06-1954 अशी नोंदली आहे. खरी तारीख 12-06-1945 आहे. 45 हे आकडे 54 असे उलट लिहिले गेले आहेत.

माझ्या पहिल्या अपत्याची जन्मतारीख ___ असून ती आपल्या अभिलेखातील फॅमिली डिटेल्सच्या फॉर्ममध्ये असायला हवी. 1954 ही नोंद तिच्याशी जुळत नाही. पुराव्यासाठी शाळेचा दाखला व नावाबाबतचे शपथपत्र जोडत आहे.

मला 12-06-2025 रोजी 80 वर्षे पूर्ण झाली असल्याने 01-06-2025 पासून 20 टक्के अतिरिक्त कौटुंबिक पेन्शन देय आहे. कृपया सुधारित आदेश पीएओमार्फत पाठवावा व थकबाकी महागाई सवलतीसह द्यावी.

आपली विश्वासू, (आईची सही, पीपीओ क्रमांक, बँक खाते, फोन)

1 जूनपासून का लिहिलं? कारण ज्या महिन्यात 80 पूर्ण होतात त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनच वाढ लागू होते, आणि बरेच अर्ज 12 तारखेपासून मागतात. सही आईचीच हवी, तुमची नको, पेन्शन तिची आहे. सही जमत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार. मराठीत दिलं तरी चालेल, घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं देशातल्या वापरातल्या कुठल्याही भाषेत देता येतं, पण इंदूरच्या ऑफिसात हिंदीत दिलंत तर फाइल लवकर पुढे सरकेल, त्यात मान-अपमान मानू नका. आवक विभागात देऊन दुसऱ्या कॉपीवर तारखेसह शिक्का घ्या, पीएओच्या कॉपीला स्पीड पोस्ट.

तो शिक्का फार जपा. महिनाभरात काही हललं नाही तर pgportal.gov.in वर पेन्शनची तक्रार टाका, तिथे अर्जाची कॉपी अपलोड करता येते. तरीही नाहीच झालं तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचं जबलपूर खंडपीठ आहे, त्याची सर्किट बैठक इंदूरलाही होते. तिथे जाण्यासाठी अर्जावर 6 महिने उत्तर न आल्याचं दाखवावं लागतं आणि त्या 6 महिन्यांनंतर 1 वर्षाच्या आत केस टाकावी लागते, म्हणजे घड्याळ तुमच्या शिक्क्याच्या तारखेपासून चालू होतं. पेन्शनची चूक दर महिन्याला नव्यानं होते असं कोर्ट मानतं, म्हणून हक्क सहसा मरत नाही, पण 2008 च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारण 3 वर्षांचीच मिळते. आत्ता तुमचं काहीच गेलेलं नाही.

पैसे आले की हिशोब मात्र स्वतः तपासा. 14,000 चे 20 टक्के 2,800, त्यावर जून 2025 ची महागाई सवलत 55 टक्के म्हणजे 1,540, एकूण 4,340. जुलैपासून सवलत 58 टक्के झाली, तेव्हा 4,424 महिना. थकबाकी देताना नुसते 2,800 च्या पटीत दिले असतील तर सवलत राहून गेलीय असं समजा आणि त्याच पीपीओ क्रमांकावर सीपीपीसीला हिशोबाचं ड्यू-ड्रॉन स्टेटमेंट, म्हणजे किती देणं होतं आणि किती दिलं याचा तक्ता, मागा.