चंद्रावरची मालकी आणि ‘विनियोग’

प्रश्न: आमच्या संस्थेच्या अंकासाठी अवकाशातल्या खाणकामावर लेख लिहितेय. १९६७च्या करारात ‘नॅशनल ॲप्रोप्रिएशन’ला बंदी आहे. एका ठिकाणी त्याचं मराठी ‘राष्ट्रीय विनियोग’ असं सापडलं. पण विनियोग म्हणजे वापरच ना? मग चंद्रावरचं काहीच वापरायचं नाही, असा अर्थ होतो का? नेमका शब्द कोणता लिहू? – एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

‘विनियोग’ लिहू नका. तुमची शंका रास्त आहे, कारण त्या शब्दाने कराराचा अर्थ उलटा होतो. ॲप्रोप्रिएशनला विनियोग किंवा विनियोजन म्हणायची सवय अर्थसंकल्पातून आली. विधिमंडळात विनियोजन विधेयक येतं, म्हणजे अमुक पैसा अमुक कामाला लावायची परवानगी. संध्येतल्या ‘मार्जने विनियोगः’मध्येही हाच भाव आहे, हा मंत्र या कामी लावला. विनियोगात मालकी बदलत नाही, उपयोग ठरतो. आणि १९६७च्या बाह्य अवकाश कराराचं पहिलंच कलम सगळ्या देशांना अवकाशाचा वापर करायची मोकळीक देतं. पहिल्या कलमात मोकळीक आणि दुसऱ्यात त्याच गोष्टीला बंदी, असा करार कोण करेल?

दुसरं कलम बंदी घालतं ती आपल्या मालकीचं करून घेण्याला. म्हणून मी ‘स्वामित्व प्रस्थापित करणे’ असं लिहीन. ‘बळकावणे’त जबरदस्ती येते, ती कराराच्या शब्दांत नाही. ‘अपहार’ तर नकोच. पतसंस्थांच्या कृपेने आपल्याकडे तो शब्द फक्त फौजदारी बातमीत उरलाय, आणि तिथे माल आधीपासून दुसऱ्या कुणाचा तरी असावा लागतो. चंद्र कुणाचाच नाही.

माझ्या मराठीत ते कलम असं होईल: ‘चंद्र व इतर खगोलीय पिंडांसह बाह्य अवकाशावर सार्वभौमत्वाचा दावा करून, वापर किंवा वहिवाट करून, अथवा अन्य कोणत्याही मार्गाने राष्ट्रीय स्वामित्व प्रस्थापित करता येणार नाही.’

यात ‘वहिवाट’ मी मुद्दाम घातलीय. मुळात ‘ऑक्युपेशन’ आहे आणि शब्दकोशात त्याला ‘व्याप्ती’पासून ‘व्यवसाय’पर्यंत काहीही मिळेल. पण करवीर तालुक्यातल्या कुठल्याही बांधावर उभं राहून विचारा, वहिवाट म्हणजे काय ते लगेच सांगतील. खाजगी जमिनीत १२ वर्षं उघडपणे, मूळ मालकाच्या हक्काला न जुमानता कब्जा ठेवला आणि त्याने दावा केला नाही, तर त्याचा हक्क संपू शकतो. सरकारी जमिनीला हीच मुदत ३० वर्षांची. वहिवाटीतून मालकी उगवू शकते, हे आपल्या भाषेतच मुरलेलं आहे. करार नेमकी तीच वाट बंद करतो. चंद्रावर तळ बांधा, ५० वर्षं राहा, त्या जमिनीची नोंद तुमच्या देशाच्या नावे होणार नाही.

आता ‘राष्ट्रीय’ या शब्दाकडे या, कारण खाजगी कंपन्यांचा विषय तिथूनच सुरू होतो. ‘बंदी राष्ट्रांना आहे, मी तर राष्ट्र नाही,’ असं म्हणून चंद्रावरच्या प्लॉटची प्रमाणपत्रं विकणारे आहेतच. लग्नाच्या वाढदिवसाला भेट म्हणून ठीक आहे, कागद चांगला असतो. पण कराराचं सहावं कलम सांगतं की बिगर-सरकारी संस्थांचं अवकाशातलं कामही त्या त्या देशाचंच काम धरलं जाईल, त्याला देशाची परवानगी आणि सततची देखरेख लागेल. शिवाय जमिनीची मालकी म्हणजे अखेर कुठल्या तरी राज्याने मान्य केलेली नोंद. जे राज्याकडेच नाही, ते राज्य कंपनीच्या नावे चढवणार कसं?

इथवर फारसा वाद नाही. खरा वाद जमिनीचा नाही, तिच्यातून उपसून काढलेल्या मालाचा आहे. १९६७च्या करारात ‘साधनसंपत्ती’ हा शब्दच येत नाही. त्यामुळे दोन तट पडले. एक म्हणतो, खोल समुद्र कुणाचा नसतो, पण जाळ्यात आलेला मासा कोळ्याचा होतो, तसंच हे. दुसरा म्हणतो, मासे पुन्हा होतात, खनिज होत नाही. आणि राष्ट्रांच्या हद्दीपलीकडच्या समुद्रतळावरच्या खनिजांना मासळीचा नियम लावलेलाच नाही, त्यांच्यासाठी १९८२च्या सागरी कायदा करारात वेगळी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे.

मला यात सगळ्यात अडचणीचा वाटतो तो ‘स्वामित्वधना’चा प्रश्न. आपण रोज ‘रॉयल्टी’ म्हणतो, त्याला शासकीय मराठीत हा शब्द आहे आणि तो इंग्रजीपेक्षा जास्त बोलका आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ने खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे ठेवलाय, म्हणून राधानगरीच्या पठारावरचं बॉक्साइट असो की खाणीतला दगड, शासन परवाना देतं आणि धन घेतं. स्वामी आहे म्हणून स्वामित्वधन आहे. चंद्रावर स्वामीच नाही. मग अमेरिकेने आपल्या कंपनीला दिलेला हक्क नेमका कुठल्या अधिकारातून येतो? नोव्हेंबर २०१५च्या अमेरिकी कायद्याचं उत्तर असं: आम्ही चंद्रावर काहीच सांगत नाही, आमच्या नागरिकाने आणलेला माल त्याचा आहे एवढंच आमच्या कोर्टात मानू. तो ठेवणं, वाहून नेणं, वापरणं, विकणं, सगळं आलं. लक्झेंबर्गने २०१७ साली, संयुक्त अरब अमिरातीने २०१९ साली आणि जपानने २०२१ साली आपापले कायदे केले. युक्तिवाद हुशारीचा आहे, पण तो एकाच देशाच्या कोर्टापुरता चालतो. दुसऱ्या देशाची कंपनी त्याच खड्ड्यात उतरली तर हा कायदा तिला बांधत नाही.

हे कागदावरचं प्रत्यक्षात कसं उतरतं, हे पाहायला एक छोटा सौदा घ्या. डिसेंबर २०२०मध्ये नासाने चंद्रावरचा भुगा विकत घ्यायचे करार चार कंपन्यांशी केले. (याला ‘चंद्रावरची माती’ म्हणतात खरं, पण तिच्यात सेंद्रिय काही नाही, उल्कांनी ठेचलेला तो मुरूमच.) लुनार आउटपोस्ट या कंपनीने किंमत लावली १ डॉलर, जपानच्या आयस्पेसने ५,००० आणि तिच्या युरोपातल्या शाखेनेही ५,०००. मास्टेन या कंपनीची बोली १५,०००ची. माल ५० ते ५०० ग्रॅम. तो पृथ्वीवर आणायचा नव्हता. कंपनीने भुगा उचलायचा, त्याचा फोटो आणि जागेची माहिती पाठवायची, आणि तिथल्या तिथे मालकी नासाकडे जायची. पैसे तीन टप्प्यांत: १० टक्के करार होताच, १० टक्के उड्डाणानंतर, ८० टक्के माल उचलल्यावर. म्हणजे १ डॉलरवाल्या कंपनीला पहिला हप्ता १० सेंटचा.

नासाला भुग्याची गरज नव्हती, अपोलोच्या मोहिमांनी आणलेले ३८२ किलो दगडमाती होतीच. हवा होता तो दाखला. खाजगी कंपनी चंद्रावरून काही काढते, विकते, सरकार विकत घेतं आणि बाकीचे देश गप्प राहतात, असं वारंवार झालं की त्याची प्रथा बनते आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात प्रथेला वजन असतं. दाखल्याचा हा खटाटोप पहिला नव्हे. सोव्हिएत लुना-१६ यानाने १९७० साली आणलेले तीन बारीक कण रॉकेट-अभियंता कोरोलेव्ह यांच्या पत्नीला भेट दिले गेले. १९९३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते ४,४२,५०० डॉलरला गेले, २०१८ साली ८,५५,००० डॉलरला. चंद्राचा तुकडा खाजगी मालकीचा होऊ शकतो, याला त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही. पण ते कण सरकारने आणले होते. कंपनीने स्वतः काढलेला माल ही पुढची पायरी.

ती पायरी अजून चढून झालेली नाही. आयस्पेसचं पहिलं यान एप्रिल २०२३मध्ये कोसळलं, विवराच्या कडेवरून जाताना त्याचा उंचीचा हिशेब चुकला आणि वर असतानाच इंधन संपलं. भुगा उचलायची छोटी गाडी घेऊन गेलेलं दुसरं यान जून २०२५मध्ये आदळलं. लुनार आउटपोस्टची गाडी मार्च २०२५मध्ये चंद्रावर पोहोचली, पण तिला घेऊन गेलेलं अथीना यान आडवं पडल्याने ती बाहेरच पडू शकली नाही. मास्टेन २०२२ सालीच दिवाळखोरीत गेली. कायद्याच्या वर्गात पाच वर्षं गाजलेल्या या सौद्यात एक चमचाभर भुगाही अजून उचलला गेलेला नाही.

आणि तो उचलला तरी ग्रॅमचा दाखला टनांना पुरतो का, हे राहतंच. समजा कंपनीने एखादा लहान लघुग्रह पूर्णच खणून नेला. ‘पिंड कुणाचा नाही, काढलेला माल माझा’ म्हणायला पिंड शिल्लक कुठे राहिला? चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळचं बर्फ मुख्यतः कायम सावलीत असलेल्या विवरांत आहे आणि तशा सोयीच्या जागा मोजक्या. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या २०२०च्या आर्टेमिस करारनाम्यात कामाच्या जागेभोवती ‘सुरक्षा क्षेत्र’ आखायची तरतूद आहे. ते तात्पुरतं असावं असं तिथे म्हटलंय. पण वर्षानुवर्षं चालणाऱ्या उपशाभोवतीचं ‘तात्पुरतं’ कुंपण आणि वहिवाट यांत फरक दाखवणं सोपं जाणार नाही. त्याच करारनाम्यात ‘साधनसंपत्ती काढणं म्हणजे आपोआप राष्ट्रीय स्वामित्व प्रस्थापित करणं नव्हे’ असंही आहे. यातला ‘आपोआप’ तुमच्या लेखातून गाळू नका. तो गाळला की करारनाम्यात नसलेली सरसकट सूट तयार होते.

याच्या विरुद्ध टोकाला १९७९चा चंद्र करार. त्यात चंद्र आणि त्याची साधनसंपत्ती ‘मानवजातीचा सामाईक वारसा’ आहे. इथे ‘सामाईक’ अगदी सातबाऱ्यावरच्या अर्थाने घ्या: हिस्से पडलेले नाहीत आणि एकट्याने विकायचं नाही. शिवाय मालकीची बंदी ‘जागच्या जागी असलेल्या’ साधनसंपत्तीला आहे. काढल्यावर काय, ते पुढे होणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेवर सोडलंय आणि ती व्यवस्था झालेली नाही. ‘जागच्या जागी’ हे दोन शब्दही म्हणूनच भाषांतरात टिकले पाहिजेत. भारताने १९८२ साली यावर सही केली पण अनुसमर्थन दिलं नाही. पुढे जून २०२३मध्ये आर्टेमिसवर सही केली. त्याच वर्षीचं भारतीय अवकाश धोरण खाजगी संस्थेला काढलेला माल बाळगायचा, विकायचा हक्क मान्य करतं, पण ‘भारताच्या आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्यांसह लागू असलेल्या कायद्यानुसार’ या अटीवर. ते धोरण आहे, अधिनियम नव्हे, हेही लिहा.

तेव्हा तुमचं वाक्य असं करता येईल: ‘करारानुसार कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर स्वामित्व प्रस्थापित करता येत नाही; मात्र तिथून काढलेल्या खनिजावर कंपनीला मालकी सांगता येते का, याबद्दल मतभेद आहेत.’ शीर्षकात जागा कमी पडली तर ‘चंद्रावरच्या उपशाची मालकी’ चालेल. ‘उत्खनन’ लिहिलंत तर पुरातत्त्ववाले वाचायला येतील.