रजा धोरणाच्या दोन प्रती ताडताना

प्रश्न: मी एका खासगी कंपनीच्या एचआरमध्ये नवीन आहे. रजा धोरणाची जुनी प्रत १४ पानांची, नवी ११ पानांची. काय बदललं, काय काढलं आणि कुणाला फटका बसणार, याची यादी साहेबांना शुक्रवारपर्यंत हवी आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

जुन्या प्रतीपासून करा. बहुतेक जण नवी प्रत हातात घेतात आणि वाचता वाचता वेगळं दिसेल ते टिपतात. तसं केलं की नव्याने आलेलं सगळं सापडतं, पण गेलेलं सापडत नाही, कारण जे कागदावर नाही ते डोळ्यांना दिसणार कसं? तुमची तर तीन पानं कमी झाली आहेत, म्हणजे खरी यादी जुन्या प्रतीत आहे.

एक एक्सेल शीट उघडा आणि जुन्या धोरणाचं प्रत्येक कलम, पोटकलमासकट, एकेका ओळीत घाला. परिशिष्टं आणि तळटीपाही घ्या, अनेक सवलती तिथेच असतात. मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे आता कुठे आहे? जसंच्या तसं असेल तर नवा कलम क्रमांक लिहा, बदललं असेल तर दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी उतरवा. सापडलंच नाही तर लगेच ‘काढलं’ असं लिहू नका. आधी त्यातला नेमका शब्द नव्या प्रतीत शोधा आणि मग ते एखाद्या मोघम वाक्यात विरघळलंय का तेही पाहा.

हे मी एकदा चुकून शिकले. एका कंपनीत असताना जुन्या धोरणात कलम ६ होतं: सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर ३० दिवसांच्या आत कॉम्प-ऑफ मिळेल. नव्या प्रतीत हे कलम नव्हतं, पण कलम ७ मध्ये ‘जादा कामाची भरपाई विभागप्रमुख ठरवतील’ असं एक वाक्य आलं होतं. मी ‘हलवलं’ असा शेरा मारून पुढे गेले. दोन महिन्यांनी देखभाल विभागातले एक काका तीन रविवारांचा हिशेब घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या विभागप्रमुखांनी काहीच ठरवलं नव्हतं आणि मुदत तर धोरणातून गेलीच होती. काकांचा हक्क गेला होता आणि माझ्या शेऱ्यामुळे तो कुणाच्या लक्षातही आला नव्हता. तेव्हापासून विषय उरला पण आकडा किंवा मुदत गेली, तर मी ‘काढलं’ असंच लिहिते.

मशीनची मदत जरूर घ्या. वर्डमध्ये Review मध्ये Compare आहे. तिथे More दाबून Formatting, White space आणि Case changes यांच्या खुणा काढून टाका, नाहीतर फाँट बदलला म्हणून अख्खं पान लाल होतं. एखाद्या प्रतीत ट्रॅक चेंजेस शिल्लक असतील तर वर्ड ते मान्य झाले असं धरून तुलना करतं, म्हणून आधी दोन्ही प्रती अंतिम आहेत ना ते विचारून घ्या. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर मूळ वर्ड फाइल मागवाच. स्कॅनमधून काढलेल्या मजकुरात ३ चा ८ होतो आणि तो बदल खरा वाटतो.

पण मशीनला शब्द दिसतात, परिणाम दिसत नाही. दोन जागा तुम्हालाच तपासाव्या लागतील.

पहिली व्याख्या. समजा जुन्या प्रतीत ‘कर्मचारी म्हणजे कंपनीच्या वेतनपटावरील व्यक्ती’ असं आहे आणि नव्या प्रतीत ‘वेतनपटावरील कायम व्यक्ती’. मशीन एक शब्द रंगवेल. पण पुढे किरकोळ रजेच्या कलमात एकही अक्षर न बदलता प्रोबेशनवरची सगळी मुलं त्या रजेतून बाहेर पडतात. म्हणून व्याख्येत काही हललं की तो शब्द पूर्ण धोरणात जिथे जिथे येतो त्या प्रत्येक ओळीवर ‘व्याप्ती बदलली’ लिहा. या उदाहरणात साहेबांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा तुमच्या कंपनीला लागू असेल, तर प्रत्येक कामगाराला वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, ती तिमाहीप्रमाणे खात्यात जमा करायची असते आणि वर्षअखेर न घेतलेली रद्द होते. त्यात कायम आणि प्रोबेशन असा भेद नाही.

दुसरी जागा म्हणजे कलमांचे संदर्भ. मधलं कलम ६ गेलं की पुढच्या सगळ्या कलमांचे आकडे एकाने कमी होतात. पण ‘कलम ८.२ च्या मर्यादेत’ हे वाक्य हाताने टाइप केलेलं असेल तर ते तसंच राहतं आणि आता भलत्याच कलमाकडे बोट दाखवतं. Compare तिथे काहीही रंगवत नाही, कारण अक्षर बदललेलंच नाही. नव्या प्रतीत ‘कलम’ शब्द शोधा आणि प्रत्येक संदर्भ उघडून वाचा. अकरा पानांना अर्धा तास लागेल.

क्रियापदांकडेही नजर असू द्या. ‘देण्यात येईल’चं ‘देता येईल’ झालं, किंवा इंग्रजी प्रतीत ‘शॅल’ जाऊन ‘मे’ आलं, तर हक्काची मर्जी झाली. हा बदल यादीत अगदी वर लिहा.

आता कुणाला फटका. ‘सर्व कर्मचारी’ असं लिहिलेला रकाना काही कामाचा नाही. बदलाला माणसाच्या परिस्थितीशी जोडा आणि वेतनपटातून मोजा. समजा अर्जित रजा साठवण्याची मर्यादा ६० दिवसांवरून ४५ वर आली. वर सांगितलेल्या कायद्यात ४५ दिवसांपर्यंत साठवायची मुभा आहे, म्हणून हा आकडा कायद्याला धरून आहे. ३० केला असता तर अडचण होती. पण ज्यांची शिल्लक आजच ४५ च्या वर आहे त्यांचं काय? शिल्लक रजा D रकान्यात असेल तर

```
=COUNTIF(D2:D231,">45")
```

एवढ्याने संख्या येते. समजा १९ जण निघाले आणि त्यातल्या एका ताईंची शिल्लक ५२ आहे. वरचे ७ दिवस रद्द होणार, त्यांचे पैसे मिळणार, की ठरावीक तारखेपर्यंत घेऊन टाकायचे? नव्या प्रतीत याचं उत्तर शोधा. बहुतेक वेळा ते नसतं, कारण धोरण लिहिणारा पुढचं पाहतो, मागची शिल्लक त्याच्या डोळ्यांसमोर नसते. अशा वेळी आपल्या मनाने उत्तर भरू नका. ‘धोरणात उत्तर नाही’ असा वेगळा रकाना ठेवा आणि त्यात तो प्रश्न, माणसांची संख्या आणि धोरण लागू होण्याची तारीख लिहा. ज्यांची रजा आधीच मंजूर झाली आहे पण सुट्टी त्या तारखेनंतर आहे, तेही याच रकान्यात येतात.

शुक्रवारी साहेबांना यादी देताना हा रकाना आधी दाखवा. परिपत्रक निघायच्या आत त्यांना काही ठरवायचं असेल तर ते यातच आहे, आणि त्या १९ जणांची नावं तुमच्याकडे तयार असतील तर ते तिथल्या तिथे ठरवू शकतील.