मुंजीचं जेवण उशिरा पोचलं: माफीचं पत्र आणि पैशाचं पत्र वेगवेगळं ठेवा

प्रश्न: धायरीत माझं छोटं केटरिंग आहे. रविवारी एरंडवण्यातल्या एका कार्यालयात मुंजीची 180 पानांची ऑर्डर होती, पान 400 रुपये. जेवण बाराला द्यायचं होतं. भाड्याचा टेम्पो सव्वाअकराला वडगाव पुलाजवळ बंद पडला आणि जेवण पोचलं पावणेदोनला. यजमानांना मी फोन केला तो बारा वीसला. त्यांनी 60 जणांसाठी बाहेरून पुरी-भाजी मागवली, 9,600 रुपये गेले. ॲडव्हान्स 40,000 आलाय, बिल अजून दिलेलं नाही. ते ग्राहक आयोगात जाईन म्हणतात. मला मनापासून माफी मागायची आहे, पैसेही द्यायचे आहेत. पण मेव्हणे म्हणतात, लिहून दिलंस तर अडकशील. पत्र कसं लिहू?

उत्तर:

मेव्हण्यांची भीती निराधार नाही. ब्रिटिश कोलंबियात 2006 पासून आणि हाँगकाँगमध्ये 2017 पासून असा कायदा आहे की नुसती माफी म्हणजे दोषाची कबुली धरायची नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. तुमचं पत्र आयोगासमोर आलं तर ते शब्द न् शब्द वाचलं जाईल. तरीही पत्र लिहाच, फक्त त्यात काय लिहायचं आणि काय नाही हे नीट ठरवून.

मी बावीस वर्षं मांडव आणि लाइटचं काम करतोय. सुरुवातीच्या काळात एका लॉनवरच्या रिसेप्शनला वीज गेली आणि जनरेटरवर लोड येईना. चाळीस मिनिटं अंधार. मुलीच्या वडिलांचा चेहरा बघवेना, म्हणून त्याच रात्री मी लिहून दिलं: "आमच्या निष्काळजीपणामुळे हे घडले, होणाऱ्या सर्व नुकसानीस आम्ही जबाबदार आहोत." चार दिवसांनी इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिलं, तर जनरेटर ठणठणीत होता, लॉनचाच चेंजओव्हर स्विच जळालेला. पण तोवर माझं पत्र त्यांच्या वकिलाच्या फायलीत होतं. मला माफीचा पश्चात्ताप कधीच झाला नाही. झाला तो या गोष्टीचा, की कारण कळायच्या आधी मी कारण लिहिलं आणि रक्कम ठरायच्या आधी "सर्व नुकसान" लिहिलं.

तेव्हापासून मी एका पत्राची दोन पत्रं करतो. पहिलं माफीचं, उघड, कुणालाही दाखवता येईल असं. दुसरं पैशाच्या प्रस्तावाचं, तडजोडीसाठीचं. दोन्ही एकात घातली की दोन्ही बिघडतात. माफीच्या डोक्यावर "हक्क अबाधित ठेवून" लिहिलं की वाचणारा म्हणतो, हा वकिलाला विचारून रडतोय. आणि ते न लिहिता प्रस्ताव दिला, तर उद्या वाद वाढल्यावर तोच प्रस्ताव "बघा, यांनीच एवढं देणं मान्य केलं होतं" म्हणून पुढे येतो.

आधी पहिलं पत्र. त्यात जे घडलं ते स्वच्छ लिहा. बाराऐवजी पावणेदोन, हे 180 लोकांनी पाहिलंय, ते लपवून काही वाचत नाही. बारा वीसचा फोन त्यांच्याही मोबाइलमध्ये आहे. जे नाकारताच येत नाही ते स्वतःहून मान्य केल्याने तुमची बाजू कमजोर होत नाही, उलट पुढचं वाक्य खरं वाटतं. लिहायचं नाही ते "निष्काळजीपणा", "आमच्या चुकीमुळे", "जबाबदार" आणि "नुकसानभरपाई". सेवेत कायद्याने त्रुटी होती का आणि ती कोणाची, हा निवाडा आहे. तो तुम्ही स्वतःविरुद्ध देऊन मोकळं व्हायची गरज नाही.

टेम्पोवाल्याला मात्र पत्रात दोष देऊ नका. यजमानांनी व्यवहार तुमच्याशी केला, टेम्पो कुणाचा हे त्यांना काय करायचं? "गाडी बंद पडली" एवढं पुरे. टेम्पोवाल्याशी तुमचा हिशेब वेगळा. गॅरेजचं बिल, फोनच्या वेळा, दुसरी गाडी कधी मिळाली याचे मेसेज आजच जपून ठेवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. गाडी बंद पडणं तुमच्या हातात नव्हतं, पण सव्वाअकरा ते बारा वीस, ही पासष्ट मिनिटं होती. यजमानांना खरा राग त्याचाच असणार. साडेअकराला कळलं असतं तर त्यांनी पाहुण्यांना सरबत फिरवलं असतं, पंगत पुढे ढकलली असती. माफी त्याचीच मागा. उशिराची माफी प्रत्येक जण मागतो, न कळवल्याची कुणी मागत नाही.

भाषेबद्दल थोडं. "गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत" हे वाक्य रस्ता खोदलेल्या पाटीवर ठीक आहे. गैरसोय झालीच आहे, "असल्यास" कशाला? "क्षमा मागतो" म्हणा. मी असं लिहीन:

"सप्रेम नमस्कार. रविवारी आपल्या चिरंजीवांच्या मुंजीत जेवण बारा वाजता ठरले होते, ते पावणेदोन वाजता पोचले. गाडी वाटेत बंद पडली होती. ती बंद पडल्यावर आपल्याला लगेच कळवायला हवे होते. माझा फोन बारा वीसला आला. भरल्या मांडवात पाहुण्यांना थांबवून ठेवण्याची वेळ आपल्यावर आली, याचे मला फार वाईट वाटते. मी आपली आणि घरातल्या सर्वांची मनापासून क्षमा मागतो. आमच्याकडून ज्या 60 जणांचे जेवण झाले नाही, त्यांची पाने बिलात धरलेली नाहीत. बिल सोबत जोडले आहे. यापुढे गाडी अडली की दहा मिनिटांत यजमानांना फोन करायचा, असा नियम आम्ही केला आहे. बाकीच्या गोष्टींबद्दल आपल्या सोयीने भेटून बोलावे, अशी विनंती."

शेवटचा नियम खरोखर केला असेल तरच लिहा.

यातलं बिलाचं वाक्य मुद्दाम पहिल्या पत्रात घेतलंय, कारण ती मेहेरबानी नाही. 180 पानांचे 72,000 होतात. 60 पानं वाढलीच गेली नाहीत, त्यांचे 24,000 मागायचा प्रश्नच येत नाही, भले स्वयंपाक झालेला असो. म्हणजे बिल 48,000. ॲडव्हान्स 40,000 वजा जाता बाकी 8,000. पुष्कळ जण हेच 24,000 "भरपाई" म्हणून दाखवतात. ग्राहक हिशेब करतो आणि आणखी भडकतो, कारण न वाढलेल्या पानांचे पैसे न घेणं ही भरपाई कशी?

खरी सद्भावना त्यानंतर सुरू होते, आणि ती दुसऱ्या पत्रात. यजमानांच्या खिशातून 9,600 गेलेत, तेव्हा तुमची रक्कम त्याहून ठळकपणे जास्त हवी. त्याहून कमी दिलीत तर ती जखमेवर मीठ होईल. तुमच्या जागी मी बाकीचे 8,000 सोडून देईन आणि वर 7,000 खात्यावर भरीन, एकूण 15,000. "पुढच्या ऑर्डरवर 20 टक्के सूट" असलं काही देऊ नका. ज्याच्या मुंजीत पंगत खोळंबली, तो लग्नाला तुम्हाला बोलावणार आहे का?

दुसऱ्या पत्राच्या डोक्यावर लिहा: "हक्क अबाधित ठेवून, केवळ तडजोडीसाठी". खाली साधारण असं:

"रविवारच्या प्रसंगाबाबत कोणतीही कायदेशीर जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावना म्हणून, मी बिलातील बाकी 8,000 रुपये सोडून देतो आणि 7,000 रुपये आपल्या खात्यावर जमा करू इच्छितो. आपण हे स्वीकारल्यास या कार्यक्रमातील जेवणाच्या सेवेबाबत आपल्या दोघांमधला वाद पूर्णपणे मिटला, असे लेखी कळवावे. हे पत्र कोणत्याही कार्यवाहीत पुरावा म्हणून वापरू नये, या अटीवर दिले आहे. प्रस्ताव 15 दिवस खुला राहील."

पुराव्याच्या वाक्याला आधार आहे भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 21 चा. जुन्या कायद्यात हेच कलम 23 होतं. दिवाणी वादात, पुरावा म्हणून वापरायची नाही अशा स्पष्ट अटीवर दिलेली कबुली ग्राह्य धरली जात नाही. पण हे कवच समजू नका. ग्राहक आयोगाचं कामकाज त्या कायद्याला काटेकोर बांधलेलं नसतं, आणि जिथे तडजोडीची बोलणीच नाहीत तिथे ही ओळ नुसती शाई आहे. म्हणून दुसऱ्या पत्रातही असं काही लिहू नका जे उघडं पडल्यावर तुम्हाला लाज वाटेल.

सही दमदाटीने किंवा पैसे अडवून घेऊ नका. दबावाखाली "सगळं मिळालं" असं लिहून घेतलं तर तो कागद दावा रोखत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या प्रकरणात 1999 मध्येच सांगितलंय. 24,000 ची वजावट सहीवर अवलंबून ठेवू नका, ती बिनअट आहे. त्यांनी ऑनलाइन वाईट अभिप्राय टाकला असेल, तर तो काढण्याची अटही घालू नका. तुम्ही गप्प बसायचे पैसे देताय असंच दिसेल, आणि त्या अटीचा स्क्रीनशॉट मूळ अभिप्रायापेक्षा जास्त फिरेल.

काहीही पाठवण्याआधी एक तपासा: तुमची लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे ग्राहकाने भरपाई मागितली तर ती भरणारा विमा, आहे का? दुकानाच्या किंवा किचनच्या विम्यात कधी कधी ती जोडलेली असते आणि मालकाला ठाऊक नसतं. अशा पॉलिसीत सहसा अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली, प्रस्ताव किंवा पैसे द्यायचे नाहीत. मोडलीत तर कंपनी दावा नाकारू शकते. पॉलिसी असेल तर दुसरं पत्र त्यांची संमती आल्यावरच द्या.

हे सगळं करूनही ते आयोगात जाऊ शकतात. त्यांना घटनेपासून दोन वर्षं आहेत, आणि एवढ्या रकमेच्या सेवेसाठी तक्रारीला फी लागत नाही. पण तेव्हा तुमच्या हातात त्याच आठवड्यातलं सरळ पत्र, दुरुस्त बिल आणि फोनच्या वेळा असतील. मात्र जेवणाने कुणाला बाधा झाली असती, किंवा त्यांच्या वकिलाची नोटीस आधीच आली असती, तर मी यातलं काहीच सांगितलं नसतं. तेव्हा पहिलं काम वकील गाठणं. उद्या नोटीस आलीच तर तिथून पुढे स्वतः लिहिणं थांबवा.

पहिलं पत्र व्हॉट्सॲपवर टाकू नका. लेटरहेडवर सही करून, आठवडा उलटायच्या आत स्वतः त्यांच्या घरी घेऊन जा, आणि तुमच्यासाठी एक प्रत ठेवा. आधी फोन करून वेळ मागा. त्यांनी दारातूनच परत पाठवलं तर पत्र ठेवून या आणि दुसरं स्पीड पोस्टाने पाठवा. आत घेतलं तर त्या दिवशी पैशाचं पत्र काढूच नका, आधी त्यांना बोलू द्या. दोन दिवसांनी फोन करा आणि मग दुसरं पत्र द्या.